काळ्या डोळ्याचे सातभाई

व्हर्ना टिलर्डनं एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढली होती, आणि माणसांना ती पुरती विटली होती. निवृत्त झाल्यावर फक्त पक्षी बघायचे, असं तिनं ठरवलं होतं. पण नशिबी आले ते पक्षी नव्हेत, पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक.

ऑस्ट्रेलियातल्या टालावांगा गावच्या पक्षीमंडळाचं इंटरनेटवर एक पान होतं. कुणीही आपल्या बागेतल्या झाडावरचा फोटो तिथं टाकायचा आणि विचारायचा, "हा कोण?" उत्तर व्हर्ना द्यायची. तिला कुणी नेमलं नव्हतं आणि काढायची हिंमतही कुणात नव्हती. पानाच्या वरच्या बाजूला तिनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'आधी डोळा. मग शेपटी. मग सोबती किती ते.' ते कुणीही वाचत नव्हतं.

एप्रिलमधल्या त्या सोमवारी सकाळी एकोणीस फोटो येऊन पडले होते. व्हेजिमाइटचा काळा खारट लेप लावलेला टोस्ट चावत ती एकेक उघडत होती आणि प्रत्येक फोटोगणिक तिचा पारा चढत होता.

पहिला फोटो अंजिराच्या झाडावरच्या पाचसहा पक्ष्यांचा. खाली लिहिलेलं, 'हळद्यांचा थवा! किती सुंदर!'

"थवा म्हणे," व्हर्ना रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली. तिनं टाइप केलं: 'हळद्या थव्यानं राहत नाही. एकटा असतो, फार तर जोडीनं. त्याचा डोळा लाल, चोच तांबूस. तुमच्या फोटोत चोची काळपट आहेत. या अंजीरखाऊच्या माद्या. मागे जो नर आहे त्याची डोळ्याभोवतीची कातडी लाल आहे, डोळा नव्हे. कातडी आणि डोळा यांत फरक असतो.'

शेवटचं वाक्य नसतं लिहिलं तरी चाललं असतं. पण व्हर्नानं आयुष्यात शेवटचं वाक्य कधी गिळलं नव्हतं.

तिच्या डोक्याला आग लागायला त्या दिवशी दुसरंही कारण होतं. तिच्या घरामागे, कुंपणाला लागून, जत्रेचं मैदान होतं आणि मैदानाच्या कडेनं आयर्नबार्क निलगिरीची अकरा जुनी झाडं. त्यांच्या निम्म्या फांद्या गल्लीतल्या बागांवर आलेल्या. कौन्सिलला ती झाडं तोडून गाड्या लावायला जागा करायची होती. वर्षातून दोन दिवस जत्रा भरते, त्या दोन दिवसांसाठी दीडशे वर्षांची झाडं. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता बैठक होती आणि तिथं निर्णय व्हायचा होता.

झाडं वाचायची एकच वाट होती. त्यांवर सातभाई राहत होते. तिकडचे सातभाई आपल्याकडच्यासारखेच कलकलाटी, टोळीनं फिरणारे. डोक्यावर राखाडी पट्टा, डोळ्यावर पांढरी जाड भुवई, वाकडी चोच, शेपटीच्या टोकाला पांढरा काठ. 'या-हू, या-हू' असं जोडीनं ओरडतात. राज्याच्या कायद्यानं ते धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत होते. त्या झाडांवर ते पिल्लं वाढवतात एवढं सिद्ध झालं असतं, तर कौन्सिलला करवतीला हात लावण्याआधी दहादा विचार करावा लागला असता.

व्हर्नानं मंडळाच्या वतीनं अर्ज दिला होता, सोबत चार फोटो. चारही फोटोंत पिवळ्या डोळ्यांचे रुबाबदार सातभाई. आणि आज सकाळी कौन्सिलनं भाड्यानं आणलेल्या तज्ज्ञाचा अहवाल आला होता. तज्ज्ञाचं नाव ड्रू कॅनिंग. त्यानं लिहिलं होतं, 'फोटोंतील सर्व पक्षी प्रौढ आहेत. ते अन्नासाठी येत-जात असावेत. काड्यांची घरटी आढळली, मात्र ती वापरात असल्याचा किंवा येथे पिल्ले झाल्याचा पुरावा नाही.'

मार्चमध्ये दोन दिवस येऊन गेला होता बेटा. विणीचा हंगाम संपल्यावर. रिकाम्या शाळेत सुट्टीच्या दिवशी जायचं आणि लिहायचं, इथं मुलं शिकत नाहीत.

अहवाल तिला पुढे वाचवेना. चहा ओतून ती पुन्हा फोटोंकडे वळली. सातवा फोटो ग्लेनिस ऑर्चर्डचा होता. गल्लीच्या टोकाला राहणारी ग्लेनिस, मंडळाची खजिनदार, गोड बोलून चिमटा काढण्यात पटाईत. फोटोत तिच्या विजेच्या तारेवर बसलेला एक काळा पक्षी.

'व्हर्ना, प्रिये,' ग्लेनिसनं लिहिलं होतं, 'हा कोतवाल आहे असं नवरा म्हणतो. पण तूच शिकवलंस ना, कोतवालाचा डोळा लालभडक? याचा तर मातकट आहे. म्हणून मी नवऱ्याला सांगितलं, व्हर्ना म्हणते आधी डोळा. कोतवाल नाही. बरोबर ना?'

व्हर्नानं दात-ओठ खात टाइप केलं: 'नवरा बरोबर आहे. शेपटी बघ. माशाच्या शेपटीसारखी, दुभंगलेली, टोकं बाहेर वळलेली. अशी शेपटी दुसऱ्या कुणाची नसते. डोळा लाल नाही कारण हे या वर्षीचं पोर आहे. पोरांचे डोळे काळपट असतात, मोठी झाली की रंग—'

तिची बोटं थांबली.

चहाचा कप तिनं खाली ठेवला तो बशीत नाही, बशीच्या काठावर. पोरांचे डोळे काळपट असतात.

नोव्हेंबर. गल्लीतला क्लेम रस्क. पाच फोटो.

तिनं अहवाल पुन्हा उघडला आणि न वाचलेला भाग वाचला. परिशिष्ट तीन. ड्रू कॅनिंगनं मंडळाचं पान चाळलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'नऊ नोव्हेंबर रोजी याच झाडांवरील एका पक्ष्याचा फोटो स्थानिक मंडळाकडे आला. मंडळाच्या जाणकार श्रीमती व्ही. टिलर्ड यांनी तो राखाडी कस्तूर असल्याचे नि:संदिग्धपणे सांगितले.'

नि:संदिग्धपणे. तिनं मंडळाचं पान मागे मागे नेलं. होतं तिथं, तिचंच उत्तर, तारखेसकट:

'क्लेम, हा सातभाई नाही, कस्तूर आहे. डोळा काळा आहे, बघ. सातभाईचा डोळा पिवळा असतो. आणि आठ जण होते म्हणतोस, कस्तूर आठ-आठ जण फिरत नाहीत. एकच पक्षी तू आठदा मोजला असशील. चष्मा बदल.'

खाली सहा जणांनी हसरे चेहरे टाकले होते. त्या दिवसानंतर क्लेमनं पानावर काही टाकलं नव्हतं.

फोटो एक होता. पिलाचं अर्धं डोकं पानाआड, भुवई झाकलेली, शेपटी फांदीमागे. दिसत होता फक्त काळा डोळा आणि राखाडी-तपकिरी अंग. ते बघून कस्तूर म्हणावंसं कुणालाही वाटलं असतं. पण माणूस सांगत होता, आठ होते. कस्तूर आठ नसतात म्हणजे हा कस्तूर नाही, असं म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, म्हणजे तू आंधळा आहेस. फोटो पाच पाठवतो म्हणाला होता, पानावर पहिलाच चढला, बाकीचे तिनं मागितलेच नाहीत.

मंगळवारी पहाटे ती आधी स्वतःच कॅमेरा घेऊन झाडांखाली गेली. नोव्हेंबरातल्या पिलांचे डोळे एप्रिलमध्येही काळेच असणार, पिवळे व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. क्लेमच्या दारात जावं लागू नये म्हणून ती काहीही करायला तयार होती. सातभाई ओढ्यापलीकडच्या माळावर होते. 'या-हू' ऐकू येत होतं, दिसत कुणी नव्हतं. नऊ वाजता टोळी एकदाची आली आणि जमिनीवर उतरून सालपटं उलटीपालटी करायला लागली. तिनं साठ फोटो काढले. पाठी, बुडं, शेपट्या. डोळा म्हणून जे काही आलं ते शाईचा डाग पडावा तसं. आणि समजा आला असता, तरी काय सिद्ध झालं असतं? पोर आहे, एवढंच. याच झाडावर जन्मलं, हे कोण सांगणार?

दुपारी ती लॅमिंग्टनचा डबा घेऊन क्लेमच्या दाराशी उभी राहिली.

क्लेमनं चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेली. एका कानात यंत्र, तेही हवं तेव्हा बंद करायचा. दार उघडून त्यानं आधी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अरे वा, पोस्टमास्तरीणबाई! टपाल घेऊन आलात?"

"केक आणलाय."

"घरचा की दुकानातला?"

"दुकानातला."

"म्हणजे काम छोटंसं असणार. घरचा असता तर मी घाबरलो असतो."

"क्लेम, ते नोव्हेंबरातले फोटो आहेत का रे तुझ्याकडे?"

"कसले?" त्यानं कानाला हात लावला. "ऐकू येत नाही. आणि दिसतही नाही म्हणे मला. मोजता तर मुळीच येत नाही."

रस्त्यावरून एक गाडी गेली, गाडीतल्यानं हात केला, दोघांनीही केला नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तो सातभाईच होता. पिलू होतं."

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू, म्हाताऱ्या. यंत्र चालू आहे तुझं, हिरवा दिवा दिसतोय मला इथून."

क्लेम हसला नाही, पण दारातून बाजूला झाला.

फोटो होते. क्लेमनं कधी काही पुसलेलंच नव्हतं. कॅमेऱ्यात तीन हजार फोटो, त्यांतले निम्मे टोमॅटोचे. वाढणारे टोमॅटो, पिकलेले टोमॅटो, रात्री झाडावरून उतरणाऱ्या पोसमनं खाल्लेले टोमॅटो. व्हर्ना त्याच्या बारक्या पडद्यावर बटण दाबत राहिली आणि क्लेम शेजारी बसून लॅमिंग्टनचं खोबरं कॅमेऱ्यावर सांडत राहिला.

"थांब," तो म्हणाला. "हे."

दुसऱ्या फोटोत एक मोठा सातभाई, पिवळा डोळा चमकतोय, चोचीत काळा किडा. पुढे आ वासलेलं पोर. पोराचा डोळा काळा, चोच आखूड, पण भुवई? पांढरीशुभ्र, चुना फासल्यासारखी. तिसऱ्यात दोन मोठे एकाच पिलाला भरवायला भांडताहेत. आई-बाप नव्हेत, दादा-ताया, आधीच्या वर्षांची पोरं. या जातीत सगळं घरच पिलं पोसतं. आणि चौथ्या फोटोत एका आडव्या फांदीवर रांगेनं, खांद्याला खांदा लावून, एकमेकांची मान खाजवत बसलेले—

व्हर्नानं मोजले. पुन्हा मोजले.

"किती?" क्लेमनं विचारलं.

"आठ."

"एकच असेल. आठदा आला असेल."

"गप रे."

आठांत दोन काळ्या डोळ्यांचे. दोघांच्या शेपट्या लोंबलेल्या, टोकाला पांढरा काठ. मागे काड्यांचं गोल छपराचं घरटं आणि त्यामागे मैदानावरच्या मेंढ्यांच्या शेडचा लाल पत्रा, त्यावर पांढऱ्या रंगानं 'चार' हा आकडा. जागेबद्दल कुणाला तोंड उघडायला वावच नव्हता. व्हर्नाला खुर्चीत बसवेना. तिनं तारीख बघितली.

एक जानेवारी दोन हजार पंधरा.

"हे काय आहे?"

"काय?"

"तारीख! ही तारीख काय आहे?"

"ती लावायची असते का?" क्लेम म्हणाला. "पोरीनं कॅमेरा दिला तेव्हापासून तशीच आहे, सेल काढून ठेवला की पुन्हा तिथंच येते. मला वाटलं, ती कंपनीची."

व्हर्नानं कपाळ हातात घेतलं. तीन हजार फोटो आणि सगळे एकाच दिवशी काढलेले. टोमॅटो लावले त्या दिवशी, पिकले त्या दिवशी, पोसमनं खाल्ले त्याच दिवशी. ड्रू कॅनिंग हे टेबलावर बोटानं सरकवून परत देईल. म्हणेल, दहा-अकरा वर्षांपूर्वीचं असेल. पुरावा नाही.

"नऊ नोव्हेंबर होता," क्लेम म्हणाला. "काढला आणि तासाभरात तुला पाठवला."

"मला माहीत आहे रे! पण कागदावर कुठं आहे?"

क्लेमनं बोटावरचं चॉकलेट चाटलं. "तुझ्याच पानावर आहे की. तू मला चष्मा बदल म्हणालीस, त्याखाली तारीख नाही का?"

व्हर्नानं फोन काढून पान उघडलं.

होती. पहिला फोटो पानावर होता, नऊ नोव्हेंबरला चढलेला, तिचं उत्तर त्याखाली. कॅमेऱ्यात त्या फोटोचा क्रमांक आणि पुढच्या चारांचे क्रमांक एकापाठोपाठ एक. पहिला नऊ नोव्हेंबरचा ठरला की पाचही ठरत होते. सगळ्या जगात तारखेचा एकच साक्षीदार होता: तिचं ते उत्तर. सहा हसऱ्या चेहऱ्यांसकट.

"ते मी कौन्सिलसमोर वाचू?"

"नको वाचूस," क्लेम म्हणाला. "झाडं काय, पुन्हा लावता येतात. दीडशे वर्षं थांबायचं फक्त."

गुरुवारी सभागृहात साठेक माणसं होती. गाड्यांच्या जागेसाठी आलेले जत्रा समितीचे लोक पुढच्या रांगांत, मंडळाचे मागे. ग्लेनिस विणकाम घेऊन आली होती. क्लेमनं कोट घातला होता, बहुधा बायकोच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच. बोलायला तीन मिनिटं मिळत होती. व्हर्ना उभी राहिली आणि तिनं कागद उलगडला.

"नऊ नोव्हेंबरला मी एक उत्तर लिहिलं," ती म्हणाली. "या अहवालात ते अर्धंच दिलंय. मी पूर्ण वाचते."

आणि तिनं वाचलं. 'आठदा मोजला असशील'ला पुढच्या रांगेतून कुणीतरी खुसखुसलं. 'चष्मा बदल'ला सगळं सभागृह हसलं. पोस्टाच्या खिडकीतून तिनं ज्यांना ज्यांना वाकडं बोलून परत पाठवलं होतं, ते सगळे आज एकदम हसून घेत होते, असं तिला वाटलं. ती थांबली नाही.

"हे उत्तर चूक आहे. मी पहिलाच फोटो बघितला आणि डोळ्याला चिकटून बसले. हे बाकीचे."

फोटो पडद्यावर आले. भरवणारा सातभाई. आठांची रांग. लाल पत्रा, आकडा चार.

ड्रू कॅनिंग उभा राहिला. सभ्य, तरणा, इस्त्रीचा. "श्रीमती टिलर्ड, नोव्हेंबरात तुम्ही ठामपणे कस्तूर म्हणालात. आज तितक्याच ठामपणे सातभाई म्हणताय. आम्ही कोणत्या व्हर्ना टिलर्डवर विश्वास ठेवायचा?"

"कुठल्याच नको," व्हर्ना म्हणाली. आवाज चढला होता आणि तो उतरवायची तिची इच्छा नव्हती. "माझ्यावर ठेवूच नका. पडद्यावर बघा. कस्तुराला ती भुवई असते का? शेपटीला पांढरा काठ असतो का? आठ कस्तूर एका फांदीवर मांडीला मांडी लावून बसलेले तुम्ही बघितलेत का कधी? तुम्ही शिकलेले आहात, मी शिक्के मारायचे. सांगा, ते काळ्या डोळ्याचं काय आहे, ज्याच्या तोंडात किडा कोंबतायत?"

कॅनिंग पडद्याजवळ जाऊन वाकला. वाईट माणूस नव्हता तो. मार्चमध्ये पाठवलं म्हणून मार्चमध्ये आला होता.

"सातभाईचं पिलू आहे," तो म्हणाला. "नुकतंच उडायला लागलेलं."

"जोरात बोला," मागून क्लेम ओरडला. "मला ऐकू येत नाही!"

झाडं वाचली असं कुणी म्हणालं नाही. कौन्सिल कधी असं म्हणतच नाही. जुलैत वीण सुरू झाल्यावर नवी पाहणी करायची, तोवर तोड थांबवायची, असं पाचास चार मतांनी ठरलं. पाचास चार! पडद्यावर पोर घास गिळतंय आणि चार माणसं हात वर करून सांगतायत, तोडा. व्हर्ना बाहेर आली तेव्हा तिला जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि कुणाच्या, ते ठरत नव्हतं.

"प्रिये," ग्लेनिस लोकर गुंडाळत म्हणाली, "किती धीराचं काम केलंस. मला तर बाई जमलं नसतं, इतकं चुकणं."

"जमेल," व्हर्ना म्हणाली. "सराव कर."

शुक्रवारी सकाळी पाच महिन्यांनी क्लेमचा फोटो पानावर आला. लिंबाच्या झाडात एक पक्षी. डोकं नाही, डोळा नाही, बहुतेक पानंच. खाली लिहिलं होतं, 'पोस्टमास्तरीणबाई, हा कोण?'

फोटो इतका भिकार होता की व्हर्नाची बोटं आपसूक कळफलकावर गेली. वाक्य तयार होतं, चांगलं धारदार. तिनं ते टाइपही केलं. मग पुसलं, आणि लिहिलं:

'किती होते?'